५२ संदर्भांचे २८: जर्नलच्या मर्यादेत संदर्भसूची कशी बसवायची

थिसिसवरून पहिला पेपर लिहिणाऱ्या रेसिडेंटचा फोन बहुतेक रात्री दहानंतर येतो. "सर, सगळं झालंय. फक्त रेफरन्स बावन्न झालेत आणि जर्नल तीसच घेतं. शेवटचे बावीस उडवू का?"

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता मी आधी एकच गोष्ट सांगतो. वैद्यकीय जर्नलांत संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने नंबर पडतात. सूचीतले शेवटचे बावीस म्हणजे जवळजवळ अख्खी चर्चा. तुमचा निकाल इतरांच्या निकालाशेजारी ठेवून पाहण्याची जागा तीच. ती उडवली तर प्रस्तावनेतले "विंचू हा अष्टपाद प्राणी आहे" छापाचे संदर्भ सुखरूप राहतात आणि पेपरचा कणा जातो.

उदाहरणासाठी एक हस्तलिखित समोर ठेवू. कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लाल विंचू चावून आलेल्या रुग्णांच्या जुन्या केसपेपरांवरून केलेला अभ्यास. प्रस्तावनेत २१ संदर्भ, पद्धतीत ७, निष्कर्षांत २ आणि चर्चेत २२. एकूण ५२, मर्यादा ३०. हस्तलिखित समजावण्यापुरतं आहे, पण त्यात नावानिशी येणारे पेपर खरे आहेत आणि ते तुम्ही काढून वाचू शकता.

आधी मर्यादा नक्की कशावर आहे ते पाहा

मर्यादा जर्नलची नसते, लेखप्रकाराची असते. 'लॅन्सेट' मूळ संशोधनाच्या लेखाला ३० संदर्भ देतं, 'न्यू इंग्लंड जर्नल' ४०, आणि त्याच जर्नलमध्ये संपादकांना पत्र लिहिलंत तर ५. म्हणून लेखकांसाठीच्या सूचनांत आपल्या लेखप्रकाराचा परिच्छेद शोधा, आणि पेपर पाठवायच्या आठवड्यात तो पुन्हा एकदा वाचा. सीनियरने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या पीडीएफवर विसंबू नका, हे नियम बदलतात.

दुसरं म्हणजे मोजणीत काय धरतात ते पाहा. 'नेचर'मध्ये पद्धतीच्या विभागात जास्तीचे आलेले संदर्भ मर्यादेत धरले जात नाहीत. बहुतेक वैद्यकीय जर्नलांत मात्र तक्त्यात किंवा आकृतीच्या ओळीत आलेला संदर्भही एक धरला जातो. रसायनशास्त्रातली मंडळी एका नंबरखाली अ, ब, क असे तीन पेपर बसवतात, तशी सोय आपल्याकडे नाही. मजकुरात [8–15] हा एकच कंस दिसतो, पण ते आठ संदर्भ आहेत. नवख्यांची मोजणी इथेच फसते. सूचीचा शेवटचा आकडा पाहा, कंस मोजू नका.

सूची बंद करा, वाक्यं उघडा

आता मुख्य काम. सूची समोर ठेवून "हा ठेवू की तो" असं करत बसलात की प्रत्येक पेपर महत्त्वाचा वाटतो. वाटणारच, प्रत्येकासाठी एक संध्याकाळ घालवलेली असते. शिवाय सूचीत पेपरचं नाव दिसतं, पण तो तुमच्या लेखात काय करतोय ते दिसत नाही. ते वाक्यात दिसतं.

म्हणून फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि एक्सेलमध्ये साधा तक्ता करा. प्रत्येक ओळीत एक वाक्य, म्हणजे ज्याला नंबर लागलाय ते. पुढे त्याचे नंबर. त्यापुढे काम, म्हणजे हा संदर्भ तिथे कशासाठी आहे. शेवटच्या रकान्यात 'मूळ वाचला का', हो की नाही. ५२ संदर्भांच्या पेपरात अशी तीस-पस्तीस वाक्यं निघतात. एका बैठकीत होतं, फार तर दोन.

कामाच्या रकान्यात लांबलचक काही लिहू नका. माझ्या तक्त्यात साधारण हेच शब्द असतात: आकडा, व्याख्या, पद्धत, पहिली नोंद, तुलना, विरोधी, पार्श्वभूमी. पहिल्या सहांपैकी काही लिहिता आलं तर त्या संदर्भाला लेखात नोकरी आहे. 'पार्श्वभूमी' लिहावं लागलं तर तो रांगेत उभा आहे, अजून काही ठरलेलं नाही. आणि काहीच सुचलं नाही, तर तो तुम्ही दुसऱ्याच्या पेपरातून वाक्यासकट उचललाय हे मनातल्या मनात कबूल करून टाका. तक्ता दुसऱ्या कुणाला दाखवायचा नाहीये.

शेवटच्या रकान्यात 'नाही' असलेले संदर्भ आजच उघडा. पीडीएफ मिळत नसेल तर ग्रंथपालांना विचारा. न वाचलेला संदर्भ ठेवायचा की काढायचा हे ठरवताच येत नाही. पुढच्या उदाहरणात ते दिसेलच.

फुकटात जाणारे

काही संदर्भ कुठलंही वाक्य न हलवता जातात. आपल्या हस्तलिखितात असे चार निघाले.

एकच पेपर सूचीत दोनदा होता, एकदा पबमेडमधून घेतलेला आणि एकदा डीओआय टाकून. संदर्भ सांभाळणाऱ्या Zotero या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती दोन वेगळी पुस्तकं, म्हणून नंबरही दोन. असं झालं की एक नोंद डिलीट करू नका. लायब्ररीत डावीकडे `Duplicate Items` मध्ये जाऊन दोन्ही निवडा आणि `Merge` करा, म्हणजे वर्डमधल्या फाइलला जुन्या नोंदीचा पत्ता लागतो. डिलीट केलीत तर फाइलमधला तो संदर्भ अनाथ होतो आणि पुढे दुरुस्त करायला गेलात की अडतो. दुसरा आणि तिसरा संदर्भ परिषदेतल्या सारांशांचे होते, आणि दोन्ही कामं पुढे पूर्ण पेपर म्हणून छापून आली होती. पूर्ण पेपर सूचीत असताना सारांशाला जागा द्यायचं कारण नाही. चौथं एक संकेतस्थळ होतं. तिथला आकडा ज्या पेपरातून आला, तो पेपर तीन नंबर आधीच उभा होता.

याच फेरीत मागे घेतलेले पेपरही पाहून घ्या. पेपर मागे घेतला असेल तर पबमेडवर शीर्षकाच्या वर तशी पट्टी दिसते, आणि Zotero स्वतःहून लाल इशारा देतं. आपल्या यादीत असं काही नव्हतं. ५२ चे ४८ झाले.

प्रस्तावनेतलं वाक्यच जातं तेव्हा

थिसिसमधला 'साहित्याचा आढावा' प्रस्तावनेत ओतला की पहिला परिच्छेद विंचवांच्या जातींचा, पसाऱ्याचा आणि शरीररचनेचा होतो. थिसिसमध्ये ते ठीक, परीक्षकाला तुमचं वाचन दिसावं लागतं. ज्या जर्नलला तुम्ही पाठवताय, त्याच्या वाचकाला विंचवाला आठ पाय असतात हे ठाऊक आहे. असं वाक्य काढलं की त्याचे संदर्भ बिनबोभाट जातात. पाठ्यपुस्तकातली सर्वमान्य गोष्ट एखाद्या वाक्यात राहिली तरी चालते, पण तिला नंबर लागत नाही.

काढू की नको असं झालं तर ते वाक्य झाकून पुढचं वाचा. पुढच्याला धक्का लागत नसेल तर जाऊ द्या. आपल्याकडे अशी दोन वाक्यं आणि चार संदर्भ गेले. ४४.

आठांचा गुच्छ, जवळून

खरी सूज इथे असते. आपल्या प्रस्तावनेत एक वाक्य होतं: "लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन परिणामकारक आहे [8–15]." एका वाक्याला आठ संदर्भ. इथे थोडं थांबू, कारण छाटणीत जे जे घडतं ते या एका कंसात दिसतं.

लाल विंचवाचं विष शरीरातलं स्वायत्त मज्जातंत्र भडकवतं. ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरू शकतं. प्राझोसिन या द्रव्यांची एक वाट, अल्फा ग्राहकं, बंद करतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशात प्राझोसिन वापरल्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये १९८६ साली छापून आली. गुच्छातला हा पहिला पेपर. काम: पहिली नोंद. याला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा आहे म्हणून 'गेल्या पाच वर्षांतलेच ठेवा' असं सांगणारे गाइड भेटतात. तो सल्ला ताज्या आकडेवारीला लागू आहे, पहिल्या नोंदीला नाही. पहिली नोंद जुनीच असणार.

पुढचे दोन पेपर वजनदार दिसतात. एक २०११ साली 'बीएमजे'त आलेली महाडची यादृच्छिक चाचणी, दुसरी २०१४ सालची लहान मुलांवरची चाचणी, पुदुच्चेरीच्या जिपमेरची. दोन्ही यादृच्छिक चाचण्या, म्हणजे पुराव्याच्या उतरंडीत वरच्या. रेसिडेंट म्हणणार, सर, बाकी सगळे उडवा, हे दोन ठेवा.

आता पेपर उघडा. दोन्हींत एका गटाला प्राझोसिन दिलं आणि दुसऱ्याला प्राझोसिन अधिक प्रतिविष. म्हणजे प्राझोसिन दोन्ही गटांत होतं. प्रतिविषाची भर घातल्याने रुग्ण लवकर सावरतो का, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. 'बीएमजे'तल्या ७० रुग्णांत तो लवकर सावरला. पण प्राझोसिन न देण्यापेक्षा देणं बरं, हे या चाचण्यांनी तपासलेलंच नाही. मग "प्राझोसिन परिणामकारक आहे" या वाक्याच्या शेपटीला त्या कशा लागल्या? शीर्षकात 'प्राझोसिन' आहे म्हणून. किंवा आधीच्या कुणी लावल्या होत्या म्हणून.

त्या काढायच्या का? नाही, हलवायच्या. आपल्या चर्चेत पुढे एक वाक्य आहे, की प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण आमच्याकडे लवकर घरी गेले. या दोन चाचण्यांची जागा तिथे आहे, आणि तिथे त्या मोलाच्या आहेत. नुसती सूची पाहून छाटणी केली असती तर त्या चुकीच्या वाक्याला चिकटून राहिल्या असत्या आणि बरोबर वाक्य उघडं पडलं असतं.

उरले पाच. त्यांत दोन-तीन रुग्णांची हकिगत सांगणारे दोन लेख होते. एकेकाळी तेवढंच उपलब्ध होतं, पण मोठी मालिका हाताशी असताना त्यांची गरज नाही. एक रिव्ह्यू होता, त्याने हेच पेपर गोळा केलेले. एक त्याच लेखकांचा नंतरचा, पहिलीच गोष्ट थोड्या जास्त रुग्णांत सांगणारा पेपर. आणि एका पेपरात प्राझोसिन येण्याआधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण यांची तुलना होती. 'परिणामकारक' या शब्दाला खरा आधार देतो तो हाच, आणि आठांत सर्वांत कमी प्रसिद्धही हाच. तो ठेवला.

शेवटी त्या वाक्याला दोनच नंबर राहिले, पहिली नोंद आणि तुलना असलेला अभ्यास. दोन चाचण्या चर्चेत गेल्या. आठांपैकी चार सूचीत राहिले, चार गेले. ४०.

कुठल्याही गुच्छाला मी साधारण हेच विचारतो: पहिलं कुणी सांगितलं, सर्वांत भक्कमपणे कुणी दाखवलं, आणि माझ्यासारख्या रुग्णांत कुणी पाहिलं. पुष्कळदा दोन उत्तरं एकाच पेपरात मिळतात. चौथा लागलाच तर बहुधा वाक्यात दोन दावे कोंबलेले असतात. तेव्हा वाक्य फोडा आणि नंबर ज्या दाव्याचा असेल त्याच्या लगेच मागे लावा, पूर्णविरामापाशी ढीग करू नका. फोडल्यावर कुठला दावा उघडा आहे तेही दिसतं.

साथरोगाच्या आकडेवारीच्या सहा संदर्भांचं असंच झालं. "जगात दरवर्षी बारा लाखांवर विंचूदंश आणि तीन हजारांवर मृत्यू" हा आकडा सहापैकी चार पेपरांत होता, त्यांतला एक म्हणजे २००८ चा शिपो आणि गॉयफाँ यांचा जागतिक आढावा, आणि बाकी तिघांनीही तो तिथूनच घेतलेला. मूळ विहीर एक, घागरी तीन. विहीर ठेवली. उरलेल्या दोघांतला कोकण पट्ट्यातल्या रुग्णांचा ठेवला, दुसरा काढला. आणखी चार गेले. ३६.

रिव्ह्यू कुठे चालतो, कुठे नाही

"सगळ्यांऐवजी एक रिव्ह्यू टाका" हा सल्ला सर्रास मिळतो, आणि अर्धा बरोबर आहे. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आहे. १९७८ मध्ये व्हँकुव्हरला तिची पहिली बैठक झाली, म्हणून या नंबरांच्या पद्धतीला व्हँकुव्हर म्हणतात. तिच्या शिफारशी दोन्ही बाजूंनी बोलतात: रिव्ह्यू वाचकाला साहित्याकडे नेण्याचा सोयीचा रस्ता आहे, पण तो मूळ कामाचं चित्र दर वेळी नेमकं देत नाही, म्हणून शक्य तिथे मूळ पेपर द्या. आणि मूळ पेपरांची लांबलचक यादी देण्यापेक्षा थोडे कळीचे पुरतात, असंही त्यात म्हटलंय.

आपल्या लेखात विषाचा सोडियमच्या वाहिन्यांवर परिणाम, मग मज्जातंत्राचा भडका, मग हृदय, अशी अर्ध्या परिच्छेदाची साखळी होती आणि तिला सहा संदर्भ. आपला अभ्यास काही विषाच्या रेणूंवर नाही. ही साखळी वाचकाला पुढचं समजावं म्हणून आहे, तिच्यावर आपला कुठलाही निष्कर्ष उभा नाही. इथे 'न्यू इंग्लंड जर्नल'मधला इसबिस्टर आणि बावस्कर यांचा २०१४ चा रिव्ह्यू एकटा पुरतो, आणि तो त्या सहांत होताच. पाच गेले. ३१.

पण आकडा, पहिली नोंद आणि तुलना या तीन कामांना रिव्ह्यू लावू नये. का, ते दाखवणारं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं: रुग्णालयात दाखल असलेल्या आणि मादक वेदनाशामकं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन जडल्याच्या चारच नोंदी सापडल्या. पुढे हे पत्र घरी नेऊन महिनोन्‌महिने घ्यायच्या गोळ्यांच्या बाजूने पुरावा म्हणून फिरू लागलं. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला. ६०८ वेळा ते पत्र उद्धृत झालं होतं, आणि त्यांतल्या ४९१ जणांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट सांगितलीच नव्हती. पाच वाक्यं वाचायला दोन मिनिटं लागतात. ज्यांनी दुसऱ्याच्या पेपरातून संदर्भ उचलला, त्यांनी तेवढीही घालवली नव्हती असं मानायला जागा आहे.

ज्यांना हात लावायचा नाही

चर्चेत आपल्याकडे एक परिच्छेद इतर औषधांचा होता. त्यातले पाच संदर्भ पाहता तीन औषधं आपल्या रुग्णालयात कधी वापरलीच नव्हती. वाक्य आखूड झालं, तीन संदर्भ गेले आणि २८ झाले. मर्यादेच्या आत. पण इथे पोहोचताना जे वाचवले, त्यांच्याबद्दल बोलायला हवं.

विरोधी निकालाचा पेपर हा छाटणीतला सर्वांत मोठा मोह. आपल्या लेखाचा कल प्रतिविषाच्या बाजूने आहे. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ट्युनिशियातली ८२५ रुग्णांची चाचणी आली. तीव्रता न पाहता सरसकट प्रतिविष दिल्याचा फायदा तिच्यात दिसला नाही. तिकडचा विंचू वेगळा, प्रतिविष वेगळं, आणि बरेच रुग्ण सौम्य. "ती आपल्याला लागू नाही सर, काढू" असं म्हणणं सोपं आहे. पण ती लागू का नाही, हेच तर चर्चेत लिहायचंय. आणि ते लिहायला ती सूचीत हवी. माझ्या हातून एकदा असा एक विरोधी पेपर जागेअभावी गेला होता. रिव्ह्यूअरने पहिल्याच मुद्द्यात विचारलं, लेखकांना हा पेपर माहीत नाही का? माहीत होता. पण ते आता कोणत्या तोंडाने सांगणार?

उलट, ॲरिझोनातल्या १५ मुलांवरची २००९ ची चाचणी पाहा. 'न्यू इंग्लंड जर्नल'मधली, प्रतिविषाच्या बाजूची, आणि आपल्या हस्तलिखितात "प्रतिविष उपयोगी आहे" या वाक्याला लावलेली. पण तिथला विंचू मज्जातंतूंची लक्षणं करणारा, आपल्याकडचा हृदयावर जाणारा. त्या वाक्यात ती शोभेची होती. मग काढायची? आम्ही वाक्य बदललं: "प्रतिविषाचा परिणाम विंचवाची जात आणि दंशाची तीव्रता यांनुसार बदलतो." आता ट्युनिशिया आणि ॲरिझोना ही जोडी त्या वाक्याचे दोन पाय झाली.

पद्धतीतले संदर्भही तसेच. आपण रुग्णांची तीव्रता चार श्रेणींत मोजली. ती श्रेणी जिथून घेतली, तो पेपर हवाच, नाहीतर दुसऱ्याला आपला अभ्यास पुन्हा करून पाहता येणार नाही. तक्त्यातला 'मूळ वाचला का' हा रकाना इथे कामाला आला. श्रेणीसाठी दिलेला संदर्भ उघडला तर त्यात श्रेणी नुसती वापरलेली होती, तिची व्याख्या आणखी मागच्या एका पेपरात. मूळचा आत आला. आधीचा मात्र चर्चेतल्या एका तुलनेसाठी लागत होता, म्हणून तोही राहिला. झाले २९. छाटणीत एखादा संदर्भ वाढतो, त्यात काही वावगं नाही.

याच रुग्णांवर तुमच्या विभागाने आधी काही छापलं असेल तर तो संदर्भ जागा नाही म्हणून वगळू नका. तेच रुग्ण दोनदा मोजले जातात आणि संपादकाला ते लपवाछपवीसारखं दिसतं. मात्र गाइडचे सात जुने पेपर 'स्वतःचे' म्हणून सूचीत असतील, तर त्यांनाही तक्त्यातून जायला लावा. हे रेसिडेंटला अवघड जातं. तक्ता गाइडपुढे ठेवून "सर, याच्या कामाच्या रकान्यात काय लिहू?" असं विचारणं "हा काढू का?" पेक्षा सोपं पडतं.

एकोणतिसावा गेला तो "इतर अभ्यासांशी सुसंगत" म्हणून लावलेल्या जोडीतला धाकटा. पुन्हा २८.

नंबर जुळवताना

कापाकापी झाली की वर्डमध्ये नंबर हलतात, आणि चुकांची निम्मी पैदास इथे होते. Zotero वापरत असाल तर संदर्भ काढायला कंसावर क्लिक करून `Add/Edit Citation` मधूनच काढा. कंसातला आकडा हाताने खोडलात तर तुमच्या डोळ्यांपुरता तो गेला, पण पुढच्या `Refresh` ला परत येतो किंवा सूचीत तसाच राहतो. आणि सगळं ठरेपर्यंत `Unlink Citations` ला हात लावू नका. त्यानंतर नंबर साधा मजकूर होतात, ते पुन्हा आपोआप हलत नाहीत.

घाईत हाताने टाइप केलेले नंबर शोधायची एक युक्ती. विंडोजवरच्या वर्डमध्ये Alt+F9 दाबा. Zotero चे सगळे संदर्भ `ADDIN ZOTERO_ITEM` ने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळींत बदलतात. जो कंस तरीही नुसता [17] असा दिसेल, तो हाताने घातलेला. पुन्हा Alt+F9 दाबलं की सगळं पूर्ववत. आपल्या फाइलमध्ये असे दोन निघाले, दोन्ही तक्त्याच्या खालच्या टिपेत. छाटणीनंतर ते भलत्याच पेपराकडे बोट दाखवत राहिले असते.

मग छापील प्रत घ्या आणि उलट्या दिशेने तपासा. सूचीतला पहिला संदर्भ, तो मजकुरात कुठे आहे, त्या वाक्याला तो खरंच आधार देतो का. २८ संदर्भांना तासभर लागतो. मी शेजारी दुसऱ्या कुणाला तरी बसवतो. एकाने वाक्य वाचायचं, दुसऱ्याने पीडीएफमधली ती ओळ बोटाने दाखवायची. बोट घुटमळलं की तो संदर्भ पुन्हा तक्त्यात.

३० वर का थांबलो नाही

कारण रिव्ह्यूअर. दुरुस्तीला परत आलेल्या पेपरात "लेखकांनी अमुक अभ्यासही पाहावा" अशी एक-दोन वाक्यं असतातच. तीसला तीस भरून पाठवलंत तर तेव्हा घाईत काहीतरी काढावं लागतं, आणि घाईत जे हाताला लागतं ते बहुधा चर्चेतलं. दोन जागा मोकळ्या ठेवा. सुचवलेला पेपर लागू असेल तर घ्या आणि तक्त्यात ओळ घाला. लागू नसेल तर उत्तराच्या पत्रात दोन ओळींत कारण द्या. सुचवलेले पाचही पेपर एकाच लेखकाचे असले आणि विषयाशी लांबचं नातं असलं, तर ते संपादकाला शांतपणे कळवा. पुष्कळ संपादक अशा वेळी लेखकाची बाजू घेतात.

एवढं करूनही आकडा उतरत नसेल तर पुरवणी फाइल हा एक मार्ग उरतो, पण बेताने. पद्धतीचा तपशील तिकडे गेला तर त्याचे संदर्भही तिकडे जाऊ शकतात. फक्त पुरवणीतले संदर्भ उद्धरणं मोजणाऱ्या सूच्यांपर्यंत सहसा पोहोचत नाहीत, आणि वाचकही तिथवर क्वचित जातो. ज्याच्या कामावर तुमचा अभ्यास उभा आहे, त्याला तिथे नेऊन बसवू नका. त्यापेक्षा संपादकीय कार्यालयाला एक ओळ लिहा: आमचे ३३ होत आहेत, जास्तीचे तीन अमुक कारणासाठी, चालतील का? पाठवण्याआधी विचारलेल्या अशा प्रश्नाला मला बऱ्याचदा 'चालेल' असं उत्तर आलंय. न विचारता पाठवलेला मात्र एकदा तांत्रिक तपासणीतूनच परत आला होता, मोजून एक संदर्भ जास्त होता म्हणून.